ढेकर येते, देतात की काढतात?

कानामात्रा
रुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. त्यात तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि आपण तिन्हींना सर्रास ‘गॅस झालाय’ म्हणतो. ढेकर ठीक आहे. दुसरीसाठी ‘पोट फुगणे’ की ‘गुबारा धरणे’? तिसरीसाठी ‘वात सरणे’ सभ्य वाटतं, पण तरुणांना कळेल का? ‘पादणे’ छापायला संपादक तयार नाहीत. आणि ढेकर ‘येते’ लिहू की ‘देतात’?

रानवारा
तीन शब्द कशाला हवेत? गॅस एकच. वरून गेला तर ढेकर, खालून गेला तर अपानवायू, अडकला तर गुबारा. अन्न पोटात कुजलं की तो तयार होतो. ‘वायुविकार’ लिहा, सगळं त्यात आलं.

तिसरा प्रहर
मला सात-आठ महिन्यांपासून हाच त्रास आहे. आधी पित्ताचा जोर झाला होता. छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं आणि ढेकर दिली की क्षणभर बरं वाटायचं. आता एकामागून एक येतात. काल मोजल्या, पाच मिनिटांत अठरा. गॅसच्या गोळ्यांनी फरक नाही. कुणाला काही उपाय माहीत आहे का?

कानामात्रा
उपाय नव्हे, शब्द विचारला होता. पण तुम्ही ‘ढेकर दिली’ आणि ‘येतात’ दोन्ही लिहिलंत. तेच मला हवं होतं.

अधोरेखित
मी स्पीच थेरपी करते, ढेकरांचे रुग्ण आमच्याकडेही येतात. रानवारा, तुमचं एक बरोबर आहे: जठरातून वर न आलेली हवा आतड्यात उतरते आणि तिचा काही भाग खालून बाहेर पडतो. पण उलटा प्रवास होत नाही. मोठ्या आतड्यातला वायू ढेकर होऊन वर येत नाही.

दोन्हींचं उगमस्थानही वेगळं आहे. ढेकरेतली हवा बहुतेक गिळलेली असते, म्हणजे नायट्रोजन आणि थोडा ऑक्सिजन. फसफसणाऱ्या पेयांनंतर त्यात कार्बन डायऑक्साइडही येतो. प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा जातेच. जठराचा वरचा भाग ताणला की अन्ननलिकेच्या तळाची झडप काही सेकंद सैल पडते आणि हवा वर येते. ही ‘येणारी’ ढेकर. ती बंद करायची नसते.

खालचा वायू बराचसा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचा असतो. लहान आतड्यात न पचलेली साखर आणि तंतू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. हे तिन्ही बिनवासाचे. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, तीही अगदी किंचित असतात. म्हणून ‘कुजणे’ नको, ‘आंबणे’ म्हणा. दिवसाला दहा-वीस वेळा वात सरणं निरोगी माणसातही होतं.

रानवारा
‘आंबणे’ पटलं. पण मग गुबारा म्हणजे अडकलेला गॅसच ना?

अधोरेखित
कधी कधी. पोट गच्च वाटणाऱ्या पुष्कळ जणांमध्ये मोजलं तर वायू इतरांएवढाच निघतो. आतडं नेहमीच्या ताणालाही जास्त संवेदनशील असतं. काहींचं पोट खरोखर पुढे येतं, कारण पडदा, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, खाली ढकलला जातो आणि पोटाची भिंत सैल सुटते. म्हणून मी ‘पोट गच्च वाटणे’ आणि ‘पोट फुगणे’ असे दोन शब्द वापरीन. पहिलं फक्त सांगता येतं, दुसरं दिसतं.

तिसरा प्रहर
म्हणजे मी जास्त हवा गिळतो?

अधोरेखित
आधी तीन गोष्टी सांगा. झोपेत ढेकरा येतात का? तुम्ही सलग बोलत असताना येतात का? आणि संध्याकाळपर्यंत पोट टम्म होऊन वात जास्त सरतो का?

तिसरा प्रहर
झोपेत नाही, बायकोला मुद्दाम विचारलं. फोनवर बोलताना नाही, फोन ठेवला की सुरू. पोट बरं असतं.

अधोरेखित
मग ही बहुधा तिसरीच गोष्ट आहे. हवा खूप गिळणाऱ्याची हवा जठरात जाते आणि पुढे आतड्यात. सकाळी सपाट असलेलं पोट दिवसभरात फुगत जातं. झोपेत हवेच्या दाबाचं मशीन लावणाऱ्यांना मात्र हे सकाळी जाणवतं. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

तुमची हवा बहुधा जठरापर्यंत पोचतच नाही. अन्ननलिकेत ओढली जाते आणि सेकंदाच्या आत बाहेर फेकली जाते. म्हणून गॅसच्या गोळीला तिथे कामच नाही. सुरुवातीला छातीतला अडकाव सुटावा म्हणून माणूस असं करतो, मग त्याची सवय जडते आणि आपण काही करतोय हेच लक्षात येत नाही. खात्री करायची तर नाकातून बारीक नळी घालून हवा कुठल्या दिशेने सरकते ते बघतात.

ढेकर येणार असं वाटलं की तोंड किंचित उघडं ठेवा, जीभ वरच्या दातांमागे टेकवा आणि पोट हलेल असा संथ श्वास घ्या. तोंड उघडं असताना हवा आत ओढणं अवघड जातं. पण गिळताना अडकणं, वजन उतरणं, उलट्या, काळी शी यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. पोट नव्याने फुगायला लागून आठवड्यांनंतरही उतरत नसेल, विशेषतः पन्नाशीपुढच्या बाईचं, तरीही तपासून घ्यायला हवं.

तिसरा प्रहर
हे वाचताना पेन्सिल दातांत आडवी धरून बसलो होतो. एकही आली नाही. खाली ठेवली आणि लगेच दोन.

कानामात्रा
म्हणजे ‘येणे’ जठरातून आणि ‘देणे’ अन्ननलिकेतून! क्रियापदानेच निदान झालं.

वेलांटी
थांबा. ‘देणे’त हेतू आहे. जेवून मुद्दाम देतात ती ढेकर जठरातलीच असते. आणि ज्याला आपण काही करतोय हेच कळत नाही, त्याला ‘तुम्ही ढेकरा देता’ म्हटलं तर तो आरोप होईल. तिसरं क्रियापद विसरलात, बाळाची ढेकर ‘काढतात’. माझ्या आजीकडे ‘ढेकर’ पुल्लिंगी होता, तेही राहिलंच.

अधोरेखित
‘काढणे’ शास्त्राला धरून आहे. आडवं असताना जठराचं तोंड दुधाखाली बुडतं आणि हवेचा बुडबुडा दुसरीकडे अडकतो. उभं धरलं की बुडबुडा तोंडाशी येतो. मोठ्यांनाही आडवं पडून ढेकर अवघड जाते, त्याचं कारण हेच.

आणि एक. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांना आम्ही हीच गोष्ट मुद्दाम शिकवतो: हवा अन्ननलिकेत घ्यायची आणि सोडताना तिच्यावर शब्द बोलायचे. जो प्रकार तिसरा प्रहर यांना थांबवायचा आहे, तोच त्यांचा आवाज होतो.

वेलांटी
संस्कृतात ‘उद्गार’ म्हणजे ढेकरही आणि तोंडून निघालेला शब्दही. आज त्याचा अर्थ कळला.

कानामात्रा
‘ढेकर येणे’, ‘पोट गच्च वाटणे / फुगणे’, ‘वात सरणे’ ठरवते. तिसरा प्रहर यांच्या प्रकाराला ‘देणे’ नको हे पटलं. ‘ढेकर ओढणे’ कसं वाटतं? हवा ओढली जातेच.

रानवारा
विडी ओढल्यासारखं वाटतं.

वेलांटी
‘घशातली ढेकर’?

अधोरेखित
घसा नाही, त्याच्या खाली. रुग्णांशी बोलताना मी ‘वरच्यावरची ढेकर’ म्हणते, पण छापायला तो शब्द कसा दिसेल, ते तुम्हीच बघा.