शब्दचर्चा: 'दृढीकृत'ला इंग्लिशमध्ये अटेस्टेड लिहायचं की सर्टिफाइड?

खानापूरची: बहिणीचा यूकेचा स्पाउस व्हिसा करतोय. तिचा जन्मदाखला १९९१ चा, हातानं लिहिलेला, सगळा कन्नडात. खाली गोल शिक्का आणि 'दृढीकृत प्रती' असं. भाषांतर मीच छान सुटसुटीत केलंय, नोटरी पण मारून घेतलीय, आता ह्या एका शब्दावर अडलोय.

निपाणीकर: अपोस्टिल करून टाका की ओ, मग कोणी काय विचारत नाही.

कोर्टासमोर भाषांतर करते: अपोस्टिल सही-शिक्का खरा आहे एवढंच सांगतं, भाषांतर बरोबर आहे असं नाही. काही देश मागतात, पण ह्या व्हिसाला दाखल्यावर ते लागत नाही. आता शब्द. कन्नडात 'दृढीकृत' दोन्हीकडं चालतं. पुढं 'प्रती' असेल तर ही नक्कल मूळ रजिस्टरशी जुळते असा अर्थ, तिथं 'सर्टिफाइड कॉपी' लिहा. आपल्या मराठीत मात्र साक्षांकित म्हणजे झेरॉक्सवर सही आणि प्रमाणित भाषांतर म्हणजे भाषांतर करणाऱ्याचं लेखी निवेदन, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. यूकेला दुसरी पाहिजे: हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे असं वाक्य, तारीख, पूर्ण नाव, सही, संपर्क. नोटरीच्या शिक्क्यानं ते भरून निघत नाही.

आणि 'सुटसुटीत' म्हणालात म्हणून विचारते, मुलीच्या नावाचा रकाना काय लिहिलाय?

खानापूरची: दाखल्यात तिथं नुसती रेघ आहे, बारशाआधी नोंद केलेली. मी पासपोर्टवरचं नाव घातलं.

कोर्टासमोर भाषांतर करते: तेच काढा आधी. रेघ असेल तर चौकटी कंसात 'रिकामं' लिहा. तुम्ही नाव घातलं की मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवणाऱ्याला लगेच दिसतं, मग बाकीच्या रकान्यांवर पण विश्वास राहत नाही. नाव दाखल्यात चढवता येतं का ते आधी नोंदणी ऑफिसमध्ये विचारा, येत असेल तर चढवून नवीन नक्कल काढा. ती बहुतेक कन्नड-इंग्लिश दोन्हीत मिळेल, मग भाषांतराची गरजच राहणार नाही. नाहीतर मूळचेच रकाने त्याच क्रमानं ठेवा, जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी, शिक्क्यातला मजकूर पण लिहा, वाचता येत नसेल तर 'अस्पष्ट' म्हणा.

चिकोडीचा: आमच्या चुलतभावाचं कॅनडाला सख्ख्या काकानं केलेलं भाषांतर परत आलं. काका कन्नडचे मास्तर, भाषेत खोट नव्हती.

कोर्टासमोर भाषांतर करते: कॅनडा घरच्यांचं घेतच नाही. यूकेला पण बाहेरच्याकडूनच करा.

निपाणीकर: मग ठिकाण बेळगाव लिहायचं का बेळगावी? आपण बेळगावच म्हणणार.

कोर्टासमोर भाषांतर करते: प्रश्न आपल्या म्हणण्याचा नाही. कन्नड कागदावर पहिल्यापासून 'बेळगावी'च आहे, इंग्लिश नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पासपोर्टवर जुनं स्पेलिंग. मी कागदावरचं ठेवते, खाली भाषांतरकाराची टीप म्हणून दुसरं देते.

चिकोडीचा: मी ज्यांच्याकडून करून घेतलं ते सरळ जुनंच लिहितात, म्हणे १९९१ ला इंग्लिशमध्ये तेच होतं.

कोर्टासमोर भाषांतर करते: त्यांचं पण चुकीचं म्हणता येत नाही, पण मग टीप पाहिजेच.

खानापूरची: सोमवारी नोंदणी ऑफिसला जातो. नोटरीचे पैसे गेले.