मदत हवी आहे: माझी असुरक्षितता की खरंच काही खटकण्यासारखं?

लग्नाला चार वर्षं झाली. नवऱ्याची कॉलेजपासूनची एक जवळची मैत्रीण आहे. ती घरी येते, तिचे मेसेज तो माझ्यासमोरच वाचतो, लपवाछपवी काही नाही. तरी स्क्रीनवर तिचं नाव दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. आधीच्या नात्यात फसवणूक झाली होती, ती भीती मी इथे आणतेय हे कळतं मला.

पण त्याची नोकरी धोक्यात असल्याचं तिला माझ्याआधी आठवडाभर माहीत होतं! विचारलं तर म्हणाला, "तुला टेन्शन नको म्हणून." हे मात्र फार लागलं. मैत्री तोड असं मला म्हणायचंच नाही. घराशी संबंधित गोष्ट आधी मला कळावी, एवढं मागणं रास्त आहे ना? आरोप न वाटता कसं बोलू?