प्रतिसाद: झोपेचा प्रश्न

«मराठी प्रश्नांचं परत इंग्रजीत केलेलं उलट भाषांतर मूळ प्रश्नांशी तंतोतंत जुळलं, तरी बाळंतिणींचं नैराश्य तपासणाऱ्या एडिनबरो प्रश्नावलीत झोपेच्या प्रश्नाला गुण जास्त का येतात?»

त्या सातव्या प्रश्नात झोप उडण्याचं कारण मनाचं दुःख आहे. बाळ रात्री उठवतं म्हणून बाईने ‘हो’ म्हटलं, तर तो गुण नैराश्याचा नव्हेच. उलट भाषांतरात हे दिसत नाही, कारण तिथे शब्द तपासले जातात, ऐकणारीची समजूत नाही. म्हणून उत्तर मिळताच विचारा, “झोप कशामुळे गेली, ताई?” बऱ्याचजणी बाळाचंच कारण सांगू लागल्या, तर कारण वाक्याच्या सुरुवातीला आणा: “मन फार दुःखी असल्यामुळे मला झोप लागणं कठीण जात होतं.” मग नव्या बायकांना तेच विचारून पाहा. ‘बाळ झोपलेलं असतानाही’ हे शब्द मात्र घालू नका. त्याने प्रश्नच बदलतो.