वाइडस्क्रीन पॅच लावावा, की जुनी गेम ४:३ वरच खेळावी?

सातपूरचा_गडी
PCSX2 एमुलेटरवर PS2 ची ग्रॅन टुरिस्मो ४ खेळतोय, डिस्क माझीच आहे. रिझोल्यूशन 3x, Aspect Ratio 16:9. आधी गाड्या पसरट दिसायच्या, म्हणून चुलतभावाने कुठूनतरी वाइडस्क्रीनचा पॅच आणून टाकला. आता त्याच गाड्या बारकुडल्या दिसतात. मित्र म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, ४:३ वरच खेळ. तुमचं काय मत?

पंचवटीकर
मित्र बरोबर बोलतोय. बनवणाऱ्यांनी चौकट आखून दिलीये, तिच्याबाहेर काही दाखवायचंच नव्हतं. ठरावीक कॅमेऱ्याच्या गेममध्ये पॅच लावून बघ. कटसीनमध्ये ज्या पात्राची एंट्री व्हायचीय ते कडेला हात फाकवून पुतळ्यासारखं उभं दिसतं. कडेच्या भिंती अचानक गायब होतात, कारण गेम अजून ४:३ च्या हिशोबानेच ‘एवढंच काढायचं’ म्हणतेय. याला सुधारणा म्हणायचं?

कॉलेजरोड_रेसर
अहो काका, रेसिंगमध्ये कुठली आली एंट्री! पॅच हवाच. फक्त चित्र रुंद झालं की पिक्सेल वाढतात आणि ग्राफिक्स कार्डावर लोड येतो, म्हणून 2x वर आण. आणि पॅच दुसऱ्या आवृत्तीचा असेल तर फाइलचं नाव बदलून टाक, चालून जातं.

जेलरोड_जुनापॅड
गडी, आधी गेमच्या स्वतःच्या ऑप्शन्समध्ये जा. GT4 मध्ये १६:९ ची सोय मुळातच आहे. माझा अंदाज असा की ती चालू आहे आणि वर पॅचही चालू आहे. दोघेही चित्र आडवं पाऊणपट दाबतात आणि एमुलेटर ते एकदाच ताणतो. खात्री करायची तर रिप्लेमध्ये गाडी बरोबर बाजूने दिसली की पॉज कर आणि स्क्रीनवर पट्टी लावून चाक मोज. रुंदी-उंची सारखी आली तर सगळं ठीक. रुंदी सव्वापटीहून जास्त आली, तर एमुलेटर ताणतोय पण गेम अजून ४:३ वर आहे. पाऊणपट आली तर दोनदा दाबलंय. मोजायचं ते ट्रॅकवरचंच. स्क्रीनवरचे आकडे, घड्याळं वेगळी काढली जातात; पॅच लावला तरी ती बहुधा पसरटच राहतात.

रेसर, पॅचने पिक्सेल वाढत नाहीत. गेम ६४० × ४४८ काढत असेल तर 3x वर १९२० × १३४४ होतात, पॅच असो वा नसो. तेवढेच पिक्सेल जास्त रुंदीवर पसरतात, त्यामुळे आडवी धार उलट थोडी कमी होते. म्हणून वाइडस्क्रीनवर 2x ला उतरणं मला तरी पटत नाही. कडेच्या चार वस्तू जास्त काढाव्या लागतात, लोड वाढला तर तेवढाच.

आणि नाव बदलायचं डोक्यातून काढ. फाइलच्या नावात डिस्कवरच्या मुख्य प्रोग्रॅमचा CRC असतो तो उगाच नाही. पॅच मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर आकडा लिहितो आणि युरोपच्या डिस्कवर तो पत्ता सहसा दुसऱ्याच कशाचा असतो. नशीब चांगलं असेल तर काहीच होत नाही, नाहीतर गेम लोड होतानाच लटकते.

सिडको_नाइटशिफ्ट
माझंही असंच झालंय! दुसरी गेम आहे, रात्रीच्या सीनमध्ये प्रत्येक दिव्याला शेजारी त्याचंच भूत दिसतं. पॅच काढू का?

जेलरोड_जुनापॅड
तुझी भानगड वेगळी आहे, पॅचला हात लावू नकोस. रिझोल्यूशन Native कर. भूत गेलं तर ते स्केलिंगचं. उजेडाचा थर अर्धा पिक्सेल सरकवून काढलेला असतो आणि मोठ्या रिझोल्यूशनवर तो अंदाज चुकतो. मग त्याच गेमच्या सेटिंगमध्ये Half Pixel Offset चे पर्याय एकेक करून बघ. Native वरही राहिलं तर F9 दाबून सॉफ्टवेअर रेंडरिंगवर जा. तिथे गेलं तर दोष हार्डवेअर रेंडररचा आहे.

सातपूरचा_गडी
मोजलं. चाक रुंदीला ३ सेंमी, उंचीला ४. पॅच काढला, दोन्ही सारखे आले! गाड्या आता गाड्यांसारख्या दिसतात.

पंचवटीकर
म्हणजे शेवटी बनवणाऱ्यांनी दिलेलंच वापरलंत! आणि त्या 3x बद्दल कोणी बोलेना. कडा सुरीसारख्या होतात, पण प्रेक्षक मात्र पुठ्ठ्याचे ते पुठ्ठ्याचेच. जुन्या डब्बा टीव्हीवर ते झाकलं जायचं.

जेलरोड_जुनापॅड
टेक्स्चर तेवढंच राहतं, हे मान्य. पण लांबचं वळण 3x वर स्पष्ट दिसतं, Native वर तिथे नुसती चुळबुळ असते. रेसिंगमध्ये मला ते वळण महत्त्वाचं. ठरावीक कॅमेऱ्याच्या गेमला मीही पॅच लावत नाही. कॅमेरा आपल्या हातात असेल आणि गेममध्ये स्वतःची सोय नसेल, तर लावतोच.

कॉलेजरोड_रेसर
पण पॅच काढल्यावर माझं एफपीएस वाढलं होतं, शपथ.

जेलरोड_जुनापॅड
कुठली गेम? आणि तेव्हा चार्जर लावलेला होता का?