फोटोतल्या गुणतक्त्यात विषय आडवे आहेत, ते उभे करायचेत. शीर्षकं सुटतायत, मदत हवी आहे

निळीशाई

एका वर्गाच्या गुणतक्त्याचा फक्त फोटो हाताशी आहे. मूळ फाइल कुणाकडेच नाही. त्यात मुलं ओळींत आणि विषय वर आडवे आहेत. मला विषय डावीकडे एकाखाली एक आणि रोल नंबर वर आडवे हवेत.

प्रत्येक विषयाचे दोन भाग आहेत. भाषा आणि गणिताला लेखी 80, तोंडी 20. विज्ञानाला लेखी 60, प्रात्यक्षिक 40. शेवटी एकूण, 300 पैकी. विषयाचं नाव दोन कॉलमांवर मिळून एकदाच छापलंय आणि त्याखाली लेखी, तोंडी असं आहे.

फोटोतला मजकूर उचलून एक्सेलमध्ये आणला. पण उलटवलं की 'भाषा' हे नाव फक्त लेखीच्या ओळीसमोर येतं, तिच्याखाली नुसतंच 'तोंडी' उरतं. ओळींचा क्रम थोडा जरी बदलला तरी कुठलं तोंडी कुठल्या विषयाचं ते कळत नाही.

दुसरी अडचण म्हणजे रोल नंबर 14 ची ओळ अशी आली आहे, आणि शेवटचा सेल रिकामा राहिलाय:

```
14  61  17  16  44  33  171
```

वाटसरू

फोटोच आधी 90 अंशांत फिरवा आणि मग मजकूर उचला. आडवं ते आपोआप उभं होईल.

निळीशाई

करून पाहिलं. अक्षरंही आडवी झाली आणि काहीच नीट वाचलं गेलं नाही.

रकाना

फिरवणं आणि उलटवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो फिरवला की एका बाजूचा क्रमही उलटा होतो, म्हणजे शेवटचा विषय सगळ्यात वर येतो किंवा शेवटचा रोल नंबर सगळ्यात डावीकडे. फोटो सरळच ठेवा, उलटवायचं काम एक्सेलला करू द्या.

सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नव्या शीटवर Ctrl+Alt+V दाबा, Transpose वर टिक करा, झालं. Ctrl+T ने टेबल बनवलं असेल तर हा पर्याय मिळत नाही, त्याची आधी साधी रेंज करून घ्या.

14 चं सोपं आहे. 171 एक घर उजवीकडे सरकवा. 61, 17, 16, 44, 33 यांची बेरीज 171 च येते, म्हणजे ओळ बरोबर आहे.

तपासनीस

रकाना, फिरवण्याबद्दलचं म्हणणं पटलं. 14 बद्दलचं मात्र नाही, आणि याच ठिकाणी गुण चुकीच्या विषयाला जाऊन चिकटतात.

तुमच्या पद्धतीने ओळ लावली तर गणित लेखी 16 आणि गणित तोंडी 44 होतं. तोंडी 20 पैकी आहे. 20 पैकी 44 कसे मिळतील?

मूळ फोटोत या मुलाचा एखादा सेल रिकामा असणार, बहुधा गणित लेखीचा. मजकूर उचलताना रिकाम्या जागेचं काहीच येत नाही, त्यामुळे पुढचे सगळे आकडे एकेक घर डावीकडे सरकतात. बेरीज जुळते कारण रिकाम्या जागेने बेरजेत भर घातलेलीच नव्हती. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला असेल तर आडवी बेरीज ते पकडते, सरकलेली ओळ तिला कधीच दिसत नाही.

निळीशाई, फोटो मोठा करून 14 समोर गणित लेखीत काय आहे ते बघाल का?

निळीशाई

आहे खरं, तिथे नुसती छोटी आडवी रेघ आहे. म्हणजे गैरहजर.

तपासनीस

मग ओळ अशी होते: 61, 17, गैरहजर, 16, 44, 33, एकूण 171. तो शब्द सेलमध्ये प्रत्यक्ष लिहाच. रिकामा ठेवून पुढे =TRANSPOSE() वापरलंत तर एक्सेल त्या जागी 0 दाखवतं, आणि गैरहजर मुलाच्या नावावर शून्य गुण लागतात.

आता शीर्षकं. ती उलटवण्याआधीच जोडायची, नंतर नाही. वरच्या ओळीचे सेल अनमर्ज करा. विषयाचं नाव आता फक्त डावीकडच्या सेलमध्ये उरेल, म्हणून शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये तेच पुन्हा लिहा. तीनच विषय आहेत, हाताने लिहिणं सगळ्यात खात्रीचं. मग दुसऱ्या ओळीखाली एक नवी ओळ घाला, B3 मध्ये हे टाका आणि H पर्यंत ओढा:

```
=TRIM(B1&" "&B2)
```

'भाषा लेखी', 'भाषा तोंडी' अशी पूर्ण नावं तयार होतील. ती ओळ कॉपी करून तिथेच Values म्हणून पेस्ट करा, त्यानंतरच वरच्या दोन ओळी काढा. आधी काढल्यात तर सगळीकडे #REF! येईल. आता पहिल्या ओळीत पूर्ण नावं उरतील. तिच्याखाली एक नवी ओळ घाला आणि त्या दुसऱ्या ओळीत कमाल गुण लिहा: 80, 20, 80, 20, 60, 40, 300. मुलं तिसऱ्या ओळीपासून.

उलटवण्याआधी B3 पासून सगळे गुण सिलेक्ट करून Conditional Formatting मध्ये हा नियम लावा:

```
=B3>B$2
```

कमाल गुणांपेक्षा मोठा आकडा रंगेल. आकड्यासारखा दिसणारा मजकूरही रंगतो, कारण एक्सेलच्या तुलनेत मजकूर हा आकड्यापेक्षा नेहमी मोठा ठरतो. म्हणजे 5 च्या जागी S वाचला गेलेला सेलही सापडेल. 'गैरहजर'ही रंगेल, तिथे घाबरायचं कारण नाही. हे सगळं निस्तरलं की मग रकाना यांचं Ctrl+Alt+V.

रकाना

बेरजेबद्दलचं पटलं. तरी एक विचारतो. सरकल्यावरही सगळे आकडे कमाल गुणांच्या आतच बसले तर तुमचा नियम काय पकडणार?

तपासनीस

काहीच नाही. समजा एखाद्याला विज्ञान लेखीत 35 आणि प्रात्यक्षिकाचा सेल कोरा असेल, आणि 35 चुकून प्रात्यक्षिकात जाऊन बसले, तर कोणताही नियम गप्पच बसेल. फोटोत खाली प्रत्येक कॉलमची बेरीज किंवा सरासरी छापलेली असेल तर तिच्याशी ताडता येतं. नसेल तर ज्या ज्या ओळीत आकडे कमी आलेत तेवढ्या फोटोशी डोळ्यांनी जुळवायच्या. हे उलटवण्याआधी करावं, कारण तोवर शीट आणि फोटो दोन्हींची मांडणी सारखी असते, नजर सरळ ओळीने फिरते.

सायली_क

माझं वेळापत्रक वर्डमध्ये आहे, वार आडवे आहेत. वर्डमध्येच उलटवता येईल का?

रकाना

वर्डमध्ये तशी सोय नाही. तक्ता एक्सेलमध्ये पेस्ट करा, उलटवा, परत वर्डमध्ये न्या. मर्ज केलेले सेल असतील तर वर शीर्षकांबद्दल लिहिलंय ते आधी करा.

निळीशाई

तपासनीस, मनापासून आभार. आता ओळींना 'गणित तोंडी', 'विज्ञान प्रात्यक्षिक' अशी पूर्ण नावं लागली आहेत आणि क्रम बदलला तरी ती सोबत जातात. नियमाने आणखी एक सरकलेली ओळ पकडली. खालच्या बेरजा फोटोत कापल्या गेल्यात, त्यामुळे बाकीच्या डोळ्यांनी बघतेय.

एक ओळ मात्र अडली आहे. रोल 22: भाषा 65 आणि 18, गणित तोंडी 15, प्रात्यक्षिक 36, एकूण 225. गणित लेखी पन्नासच्या घरात आणि विज्ञान लेखी तिसच्या घरात आहे, पण दोन्हींचा शेवटचा अंक पुसट आहे, 3 किंवा 8.

तपासनीस

225 मधून बाकीचे 134 वजा केले की 91 उरतात. 53 आणि 38 ची बेरीज 91, 58 आणि 33 ची पण 91. एकच अंक पुसट असता तर बेरजेने तो सांगितला असता, इथे दोन्ही जोड्या बसतात. अंदाजाने भरू नका. दोन्ही सेलना वेगळा रंग द्या आणि ज्यांनी फोटो काढला त्यांच्याकडे मूळ कागद अजून आहे का ते विचारा.

निळीशाई

विचारलंय. तोवर ते दोन्ही सेल रिकामे न ठेवता त्यांत '53/58' आणि '38/33' असं लिहून ठेवलंय.

रकाना

हे दोन्ही तसेच राहतील, पण 12 किंवा त्याहून लहान आकडा असलेलं असं काही टाकताना आधी ' चिन्ह द्या किंवा सेल Text करा. तुमच्या सेटिंगनुसार एक्सेल अशा मजकुराची तारीख किंवा महिना-वर्ष करून टाकू शकतं.