परवानगी गेली, तर प्रश्न बदला

> "रुग्णालयाने मध्येच परवानगी काढली. १४ परिचारिकांच्या मुलाखती झाल्यात, वॉर्डातलं निरीक्षण राहिलं. प्रबंध वाचेल का?"

वाचेल. आधी परवानगीपत्र नीट वाचा, त्यात माहिती परत करण्याची अट असू शकते. परिचारिकांची संमती वेगळी, संस्थेची परवानगी वेगळी. त्या १४ मुलाखती वापरता येतील का, हे नैतिकता समितीकडून लेखी घ्या.

मग संशोधनाचा प्रश्न बदला. पाळी बदलताना वॉर्डात काय घडतं, हे निरीक्षणाशिवाय सांगता येत नाही. परिचारिका त्याबद्दल काय सांगतात, हे येतं. माझ्यावरही हीच वेळ आली होती. समितीची सुधारित मंजुरी आल्यावरच मी नोकरी सोडलेल्या परिचारिकांना बाहेर भेटले. त्यांच्या मुलाखती वेगळ्या खुणेने ठेवल्या, कारण सोडून गेलेली व्यक्ती जास्त मोकळं आणि कधी जास्त कडवट बोलते.