मदत हवी आहे: बँकेचं व्हॅल्युएशन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलंय

नमस्कार मंडळी, पाथर्डी फाट्याजवळ रीसेल टू बीएचके घेतोय, सौदा ६२ लाखांत ठरलाय पण बँकेच्या व्हॅल्युअरने ५५ च लावलेत. बँक दोन्हीतला कमी आकडा धरून ८० टक्के देते, म्हणजे ४९.६० लाखांऐवजी ४४ च, वरचे ५.६० कुठून आणायचे?

रिपोर्टची कॉपी मागून नीट वाचली तर तुलनेला घेतलेले दोन फ्लॅट मागच्या गल्लीतल्या जुन्या, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमधले निघाले. आणि त्यांचा रेट बिल्टअपवर काढलाय पण आमच्या फ्लॅटला तोच रेट कार्पेटवर लावलाय, मग किंमत खाली येणारच ना! आमच्याच सोसायटीत यंदा दोन फ्लॅट विकले गेलेत, त्यांचे इंडेक्स टू काढलेत, कार्पेटवर रेट साधारण ८ हजार पडतो.

आता हे सगळं जोडून ब्रँच मॅनेजरला लेखी रिव्ह्यू मागायचा की थेट व्हॅल्युअरला भेटायचं? तोच व्हॅल्युअर आकडा बदलतो का, की पॅनेलवरचा दुसरा मागावा? विसार देऊन झालाय आणि मालक थांबायला तयार नाहीत, कुणी हे केलं असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलं ते प्लीज सांगा.